सत्त्याण्णवला किती वेळा हात लागला?

प्रोग्रॅमिंग शिकायला लागलेल्या विद्यार्थ्यापुढे लवकरच एक ठरलेली असाइनमेंट येते. २ पासून एखाद्या मोठ्या संख्येपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या शोधा. एकदा भागाकार करून, एकदा चाळणी लावून. आणि चाळणीचं काम लवकर का संपतं ते चार ओळींत लिहा. दोन्ही प्रोग्राम बहुतेकांचे चालतात. अडतं ते त्या चार ओळींत. तिथे हमखास लिहिलेलं असतं, की भागाकाराला संगणकाला जास्त वेळ लागतो आणि चाळणीत भागाकार नसतो, म्हणून चाळणी जलद.

हे खोटं नाही. भागाकार ही खरोखरच वेळखाऊ क्रिया आहे. पण चाळणी जिंकते ती मुळात या कारणाने नाही. एक भागाकार करायला आणि एक संख्या खोडायला अगदी सारखाच वेळ लागतो असं धरून चाला, तरीही चाळणी पुढेच राहते, आणि संख्या मोठ्या होत जातात तसतसं अंतर वाढतच जातं. कारण वेगळ्याच जागी आहे. ते पाहायचं तर एकच संख्या धरून बसावं. मी ९७ घेतो. १०० च्या आतली ती सगळ्यात मोठी मूळ संख्या. प्रत्येक पद्धतीत तिला किती वेळा हात लावावा लागतो, एवढंच मोजायचं.

आधी भागाकाराची पद्धत. १ आणि स्वतः सोडून जिला दुसरा विभाजक नाही ती मूळ संख्या, ही शाळेतली व्याख्या जशीच्या तशी पायथनमध्ये उतरवली की असं दिसतं:

```python
def mool_aahe(n):
    d = 2
    while d < n:
        if n % d == 0:
            return False
        d += 1
    return True
```

इथे `n % d` म्हणजे `n` ला `d` ने भागल्यावर उरणारी बाकी. बाकी शून्य आली की विभाजक सापडला, शोध थांबला. आता ९७ ची पाळी. २ ने भाग जात नाही, ३ ने नाही, ४ ने नाही, असं करत थेट ९६ पर्यंत जावं लागतं. ९५ भागाकार होतात आणि एकाचाही उपयोग होत नाही. शेजारची ९८ मात्र पहिल्याच भागाकारात निकालात निघते. २ ने भाग गेला, विषय संपला.

२ ते १०० या सगळ्या संख्यांचा हिशेब हाताने करता येतो. एकूण १,१३३ भागाकार होतात. त्यांतले १,०१० केवळ २५ मूळ संख्यांवर खर्च होतात आणि उरलेल्या ७४ संयुक्त संख्यांना मिळून फक्त १२३ लागतात. असाइनमेंटचं उत्तर याच आकड्यांत आहे. विभाजक असेल तर तो सापडल्यावर थांबता येतं. विभाजक नसेलच तर सगळे पर्याय संपेपर्यंत थांबता येत नाही. म्हणजे ज्या संख्या आपल्याला हव्या आहेत, त्यांच्यावरच सगळ्यात जास्त मेहनत जाते, आणि त्या मेहनतीतला प्रत्येक भागाकार 'नाही' एवढंच सांगतो.

ही पद्धत सुधारता येते. एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्या दोन्ही तिच्या वर्गमूळापेक्षा मोठ्या असू शकत नाहीत. तसं असतं तर गुणाकार त्या संख्येच्याच पुढे गेला असता. निदान एक तरी विभाजक वर्गमूळापर्यंत सापडायलाच हवा. म्हणून वरच्या प्रोग्राममध्ये `d < n` च्या जागी `d * d <= n` लिहिलं की पुरतं. ९७ चं वर्गमूळ १० च्या जरासं खाली, तेव्हा २ ते ९ एवढ्यांनीच भागून पाहायचं. ९५ चे ८ झाले. १०० पर्यंतचे एकूण भागाकार १,१३३ वरून २३६ वर आले. संयुक्त संख्यांचे १२३ तसेच राहिले, कारण त्यांचा सगळ्यात लहान विभाजक आधीही वर्गमूळाच्या आतच सापडत होता. वाचले ते सगळे मूळ संख्यांवरचे.

आणखी एक पाऊल टाकता येतं. ९७ ला २ ने भाग गेला नाही, तर ४, ६, ८ ने जाण्याचा प्रश्नच येत नाही. फक्त मूळ संख्यांनी भागलं तरी चालेल. मग ९७ साठी २, ३, ५, ७ असे चारच भागाकार उरतात आणि १०० पर्यंतची बेरीज १८१ होते. भागाकाराच्या पद्धतीत साधारण इथवरच जाता येतं. पण आकडे मोठे झाले की हे चारसुद्धा चार राहत नाहीत. दहा लाखाच्या आतली सगळ्यात मोठी मूळ संख्या ९,९९,९८३. तिच्यासाठी वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या संख्या घेतल्या तर ९९८ भागाकार, आणि फक्त मूळ संख्या घेतल्या तरी १६८. सगळ्यांचं उत्तर आधीसारखंच, नाही.

चाळणीची रीत जुनी आहे. ती इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातल्या एराटोस्थेनीसच्या नावावर आहे. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा हा प्रमुख. पृथ्वीचा परीघ मोजण्यासाठी तो जास्त ओळखला जातो. त्याने स्वतः चाळणीबद्दल लिहिलेलं आज उपलब्ध नाही. आपल्याकडे वर्णन आलं ते गेरासाच्या निकोमेकसकडून, इसवी सन १०० च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या अंकगणितावरच्या ग्रंथातून. निकोमेकस ३ पासूनच्या विषम संख्या ओळीने लिहायला सांगतो आणि मग जागा मोजत जायला सांगतो: ३ पासून दोन जागा सोडून तिसरी, पुन्हा दोन सोडून तिसरी, ५ साठी चार सोडून पाचवी. कोणत्याही संख्येकडे बघून 'हिला ३ ने भाग जातो का' असं तो विचारायला लावत नाही. जागा मोजत गेलं की ३ चे पट आपोआप पायाखाली येतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिच्यावरूनच खरी चाळणी आणि नकली चाळणी वेगळी ओळखायची आहे.

आजच्या भाषेत तीच रीत अशी लिहितात:

```python
def chalani(n):
    mool = bytearray([1]) * (n + 1)
    mool[0] = mool[1] = 0
    p = 2
    while p * p <= n:
        if mool[p]:
            for m in range(p * p, n + 1, p):
                mool[m] = 0
        p += 1
    return [i for i in range(2, n + 1) if mool[i]]
```

`mool` ही खुणांची ओळ आहे. ३५ वी जागा म्हणजे ३५ ही संख्या; तिथे १ असेल तर अजून न खोडलेली, ० असेल तर खोडलेली. आतला `for` हा `p` चा पाढा म्हणतो आणि प्रत्येक थांब्यावर शून्य ठेवतो. पुढचा थांबा गाठायला एक बेरीज पुरते.

१०० पर्यंत हे हाताने करून पाहावं. कागदावर दहा मिनिटांचं काम आहे. २ चा पाढा ४ पासून १०० पर्यंत ४९ संख्या खोडतो. मग ३ चा. तो ६ पासून का नाही, ९ पासून का? कारण ६ म्हणजे दोन त्रिक, ती २ च्या पाढ्यात गेलेलीच आहे. ३ चा पाढा ९ पासून ९९ पर्यंत ३१ वेळा खोडतो. ४ आधीच खोडलेली, म्हणून तिचा पाढा म्हणायचाच नाही. ५ चा पाढा २५ पासून, १६ वेळा. ६ खोडलेली. ७ चा पाढा ४९ पासून: ४९, ५६, ६३, ७०, ७७, ८४, ९१, ९८. आठ वेळा. पुढची न खोडलेली संख्या ११, पण ११ चा वर्ग १२१, तो १०० च्या बाहेर. इथेच काम संपलं. उरलेल्या २५ संख्या मूळ आहेत.

एकूण खोडणी किती? ४९, ३१, १६ आणि ८ मिळून १०४. संयुक्त संख्या ७४, म्हणजे ३० वेळा खोडलेलीच संख्या पुन्हा खोडली गेली. ७ च्या पाढ्यातल्या आठांपैकी नव्याने खोडल्या गेल्या त्या ४९, ७७ आणि ९१ या तीनच. बाकीच्या पाच २ किंवा ३ च्या पाढ्यात आधीच गेल्या होत्या. चाळणीत वाया जाणारं काम आहे ते एवढंच.

आणि ९७? तिला एकदाही हात लागला नाही. पाढे म्हणताना ती कुठल्याच थांब्यावर आली नाही. शेवटी यादी करताना तिची खूण वाचली जाते, तेवढंच. ९५, ८, ४ आणि आता शून्य.

माझ्या मते असाइनमेंटच्या चार ओळींत लिहायचं ते हे. भागाकाराची पद्धत प्रत्येक संख्येकडे जाऊन 'तुला कोण भागतो' असं विचारते, आणि जिला कुणीच भागत नाही तिच्याकडे सगळ्यात जास्त वेळ थांबते. चाळणी उलट्या बाजूने येते. ती मूळ संख्येपासून सुरुवात करते आणि तिच्या पटांकडे जाते. प्रत्येक खोडणी संयुक्त संख्येवरच पडते, कारण वर्गापासून पुढचा `p` चा प्रत्येक पट संयुक्तच असतो. उत्तर 'नाही' येईल असा प्रश्न चाळणी कधी विचारतच नाही.

मग संयुक्त संख्यांवर पुन्हा पुन्हा पडणारी खोडणी वाढत जाऊन हा फायदा खाऊन टाकणार नाही ना, अशी शंका हुशार विद्यार्थी घेतोच, आणि घ्यायलाच हवी. एखादी संख्या जास्तीत जास्त तितक्या वेळा खोडली जाते, जितके तिला वेगवेगळे मूळ विभाजक असतात. ६० ही २, ३ आणि ५ च्या पाढ्यांत येते, म्हणून तीन वेळा. सर्वांत लहान मूळ संख्यांचा ओळीने गुणाकार करत गेलं तर २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ × १७ = ५,१०,५१०. यात पुढची १९ घातली तर उत्तर ९६ लाखांच्या पुढे जातं. म्हणून दहा लाखाच्या आत सातपेक्षा जास्त वेळा खोडली जाईल अशी एकही संख्या नाही. सात ही कमाल झाली. सरासरी त्याहून फार खाली आहे. दहा लाखापर्यंत चाळणी लावली की एकूण खोडणी सुमारे २१ लाख २२ हजार होतात. संयुक्त संख्या ९,२१,५०१ आहेत. एकेका संयुक्त संख्येच्या वाट्याला सव्वादोनच्या आसपास.

आता दहा लाखाच्याच मैदानात बाकीच्यांना उतरवू. व्याख्येप्रमाणे सरळ भागत जाणाऱ्या पद्धतीला सुमारे ३,७५५ कोटी भागाकार करावे लागतात. हा आकडा जवळजवळ दहा लाखाच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांच्या बेरजेएवढा आहे, कारण मूळ संख्या `p` साठी `p - 2` भागाकार होतात. वर्गमूळापाशी थांबणाऱ्या पद्धतीला पावणेसात कोटींच्या आसपास लागतात, आणि त्यांतले पाच कोटींहून जास्त ७८,४९८ मूळ संख्यांवर जातात. आपण सुरुवातीला मानलं तसं भागाकार आणि खोडणी यांना सारखाच वेळ देऊ, सेकंदाला एक कोटी क्रिया. पहिली पद्धत तासाहून जास्त चालेल, दुसरी सात सेकंदांच्या आत, चाळणी सेकंदाच्या पाव भागात. भागाकार महाग असण्याचा मुद्दा आपण बाजूला ठेवला आहे, तरी हे अंतर उरलं.

शंभर कोटीपर्यंत गेलं तर फरक आणखी स्पष्ट होतो. वर्गमूळ १,००० वरून सुमारे ३१,६०० वर जातं. म्हणजे वरच्या टोकाच्या एकेका मूळ संख्येसाठीचे भागाकार तीसपटीहून जास्त वाढतात. चाळणीत दर संख्येमागे होणारी खोडणी २.१ वरून साधारण २.५ वर जाते. हा वाढीचा दर इतका मंद का, त्याचं उत्तर फ्रान्झ मेर्टेन्सने १८७४ मध्ये दिलं. १/२ + १/३ + १/५ + १/७ अशी मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज केली तर ती वाढत राहते, कुठेच थांबत नाही, पण लॉगचा लॉग जसा वाढतो तितक्याच संथपणे. चाळणीचं काम म्हणजे हीच बेरीज: अर्ध्या संख्या २ खोडणार, एक तृतीयांश ३ खोडणार, एक पंचमांश ५.

इथवरचं ज्याला समजलं त्याने आता पुढचा प्रोग्राम वाचावा. असाइनमेंटमध्ये 'चाळणी' म्हणून हा फार वेळा सादर होतो:

```python
def nakli(n):
    yadi = list(range(2, n + 1))
    mool = []
    while yadi:
        p = yadi[0]
        mool.append(p)
        yadi = [x for x in yadi if x % p != 0]
    return mool
```

दिसायला सुबक आहे. यादीतली पहिली संख्या घे, ती मूळ. तिने भाग जाणाऱ्या सगळ्या काढून टाक. उरलेल्या यादीवर पुन्हा तेच. २ ची चाळणी, मग ३ ची, मग ५ ची. उत्तरही अचूक येतं, म्हणून प्रॅक्टिकलला कुणी हटकत नाही. पण ९७ ची चौकशी करा. ती पहिल्या फेरीत २ ने भागली जाते, दुसऱ्या फेरीत ३ ने, आणि अशी प्रत्येक फेरीत टिकून राहत शेवटी ८९ ने आणि स्वतःनेही भागली जाते. २५ वी मूळ संख्या, २५ भागाकार. १०० पर्यंत एकूण ४३६ भागाकार होतात. वर्गमूळापाशी थांबणाऱ्या साध्या भागाकाराला २३६ पुरले होते. नाव चाळणीचं, काम भागाकाराचं, आणि तेही वर्गमूळाची सवलत हरवून बसलेल्या भागाकाराचं.

दहा लाखाला हा दोष उघडा पडतो. पहिल्या मूळ संख्येला एक भागाकार, दुसरीला दोन, अशा ७८,४९८ मूळ संख्यांची बेरीज ३०८ कोटींच्या वर जाते. वर्गमूळवाल्या पद्धतीच्या सुमारे पंचेचाळीस पट. 'चाळणी जलद का' याचं उत्तर लिहिणाऱ्याने स्वतःची चाळणी घड्याळ लावून चालवली असती, तर तिथेच काहीतरी चुकल्याचं कळलं असतं.

ही गफलत केवळ नवशिक्यांची नाही. हास्केलसारख्या भाषांच्या पुस्तकांत असाच दोन ओळींचा प्रोग्राम एराटोस्थेनीसच्या नावाने वर्षानुवर्षं छापला जात होता. त्याचं मूळ डेव्हिड टर्नर यांच्या १९७५ च्या लेखनापर्यंत जातं. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजच्या मेलिसा ओ'नील यांनी २००९ मध्ये 'जर्नल ऑफ फंक्शनल प्रोग्रॅमिंग' मध्ये यावर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला आणि ही एराटोस्थेनीसची चाळणी नव्हेच, हे हिशेबाने दाखवलं. मला त्यांचा निबंध आवडतो तो अशासाठी, की त्यांनी प्रोग्राम कसा दिसतो ते बाजूला ठेवलं आणि कोणती संख्या किती वेळा तपासली जाते ते मोजलं.

ओळखायची खूण सोपी वाटेल: आतल्या लूपमध्ये `%` दिसला की चाळणी नाही. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. पण `%` नसलेला एक प्रकारही तितकाच फसवा आहे:

```python
for m in range(p * p, n + 1, p):
    if m in yadi:
        yadi.remove(m)
```

इथे पाढाच म्हटला आहे, भागाकार कुठेच नाही. तरी हा प्रोग्राम दहा लाखाला हातपाय गाळतो. `m in yadi` हे लिहायला तीन शब्द आहेत, पण पायथन त्यासाठी यादीच्या तोंडापासून एकेक संख्या ताडून पाहतो. २ च्या पाढ्यात १०० ची पाळी येते तेव्हा तिच्या आधी २ आणि विषम संख्या मिळून पन्नास जण उभे असतात, १,००० च्या आधी पाचशे, दहा लाखाच्या आधी पाच लाख. फक्त २ चा पाढा संपेपर्यंत अशा सुमारे १२,५०० कोटी तुलना होतात, अगदी पहिल्या अडाणी भागाकाराच्या तिपटीहून जास्त. शिवाय `remove` तोच शोध पुन्हा करतो आणि मागच्या सगळ्यांना एकेक जागा पुढे सरकवतो.

खऱ्या चाळणीत संख्या काढून टाकायची नसते, जागेवर ठेवून तिच्यावर खूण करायची असते. ३५ कायम ३५ व्या जागीच राहिली, तरच तिच्यापर्यंत एका उडीत पोचता येतं. निकोमेकस जागा मोजायला सांगतो ते याच अर्थाने. खोडलेल्या संख्या ओळीतून उचलल्या तर ५ पासून चार सोडून पाचवी जागा ही ५ चा पट राहणार नाही. ज्या क्षणी जागा हलल्या, त्या क्षणी चाळणीचा आधार गेला.

म्हणून माझा आग्रह असतो की प्रोग्रामला घड्याळाबरोबर मोजणीही लावावी. १०० पर्यंत तर सगळेच प्रोग्राम डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. वेळेवरून काही कळत नाही. आतल्या लूपमध्ये `mojani += 1` एवढी एक ओळ घाला आणि १०० ला चालवा. १०४ आले तर चाळणी बरोबर आहे. १८१, २३६ किंवा ४३६ आले तर आपण नेमकं काय लिहून बसलो आहोत, ते त्या आकड्यावरूनच समजतं. १०४ पेक्षा थोडे जास्त आले तर पाढा बहुधा वर्गाऐवजी दुपटीपासून सुरू झाला आहे. ते चुकीचं नाही, फक्त थोडं जास्तीचं काम आहे.

जावामध्ये हीच असाइनमेंट करणाऱ्यांना एक वेगळाच खड्डा लागतो. बाहेरचा लूप वर्गमूळापाशी न थांबवता `n` पर्यंत चालू ठेवला आणि आत `p * p` पासून सुरुवात केली, तर ४०,००० पर्यंत सगळं ठीक चालतं आणि ५०,००० ला प्रोग्राम कोसळतो. पडद्यावर इंडेक्स म्हणून `-2146737495` असा ऋण आकडा दिसतो. जावाच्या `int` मध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच संख्या मावते. ४६,३४९ या मूळ संख्येचा वर्ग त्याच्या पलीकडे जातो आणि उलटून ऋण होतो. लूपची अट `p * p <= n` ठेवली असती तर `p` तिथवर पोचलाच नसता.

चाळणी कुठे लावायची नाही हेही त्याच असाइनमेंटमध्ये विचारलं जावं असं मला वाटतं. ९,९९,९८३ ही एकच संख्या मूळ आहे का, एवढाच प्रश्न असेल तर ९९८ भागाकारांत उत्तर मिळतं. त्यासाठी २१ लाख खोडणी करण्यात अर्थ नाही. चाळणीचा फायदा सगळ्या संख्या एकदम हव्या असतात तेव्हाच. आणि ती जागा मागते. वर वापरलेल्या `bytearray` मध्ये एका संख्येला एक बाइट लागतो, म्हणजे दहा लाखाला एक मेगाबाइट. त्याऐवजी `True` आणि `False` ची साधी लिस्ट घेतली तर प्रत्येक जागेला सहसा आठ बाइट जातात. शंभर कोटीपर्यंत जायचं तर पहिल्याला एक गिगाबाइट हवा, दुसऱ्याला आठ. घरच्या लॅपटॉपवर दुसरा बहुधा अर्ध्यातच दम तोडेल.

त्यावरचा उपाय असा. शंभर कोटीचं वर्गमूळ ३१,६२२, आणि तिथवर मूळ संख्या फक्त ३,४०१ आहेत. त्या आधी छोट्या चाळणीने काढून ठेवायच्या. मग शंभर कोटींचे दहा-दहा लाखांचे हजार तुकडे पाडायचे आणि दहा लाख जागांची एकच ओळ प्रत्येक तुकड्यासाठी पुसून पुन्हा वापरायची. एक गिगाबाइटचं काम एका मेगाबाइटमध्ये होतं. ही छोटी ओळ प्रोसेसरच्या जवळच्या वेगवान मेमरीत मावू शकते, त्यामुळे खोडणी तेवढीच राहूनही काम लवकर उरकतं. नव्या तुकड्यात ७ चा पहिला पट कुठे येतो हे काढायला मात्र एक भागाकार लागतो. प्रत्येक मूळ संख्येला प्रत्येक तुकड्यात एक धरला तरी ते फार तर ३४ लाख होतात, आणि एकूण खोडणी अडीचशे कोटींच्या घरात. तेही नको असतील तर मागच्या तुकड्यात ७ चा पाढा कोणत्या संख्येवर थांबला, ती आकड्यांच्या एका वेगळ्या ओळीत लिहून ठेवायची. पुढच्या तुकड्यात तो तिथूनच सुरू होतो.